डोक्यावरचा पत्रा

मे महिन्याचा तिसरा आठवडा. चंद्रपूरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि साइट ऑफिसमधून फोन आला होता, की दीड टनाचा एसी नवा बसवूनही केबिन थंड होत नाही, येऊन बघा. मी पोर्टा केबिन बांधतो आणि दुरुस्त करतो, एसीचं काम करत नाही. तरी गेलो, कारण अशा दहा तक्रारींपैकी आठ वेळा एसीचा काहीच दोष नसतो.

दुपारचे अडीच वाजले होते. केबिन नेहमीचीच, वीस फूट लांब, दहा फूट रुंद, साडेआठ फूट उंच. बाहेरून निळा रंग दिलेला नालीदार पत्रा, आतून लॅमिनेट केलेले बोर्ड, मध्ये ‘पन्नास एमएम ग्लासवूल’ असं बिलावर लिहिलेलं. आत सहा माणसं आणि चार संगणक. एसीचा आकडा १८ वर ठेवलेला, कॉम्प्रेसर सकाळपासून एकदाही बंद पडला नव्हता आणि खोलीतल्या तापमापकावर ३२ अंश दिसत होते. बाहेर ४५ असताना आत ३२ म्हणजे काही वाईट नाही, असं कागदावर वाटेल. पण सुपरवायझर कपाळ पुसत म्हणाला, “एसी त चालू हाय भाऊ, पण डोक्स्यावर इस्तो ठेवल्यावानी लागते.”

त्याच्या या एका वाक्यात अर्धं निदान होतं. माणसाला उकाडा फक्त हवेमुळे होत नाही. आजूबाजूचे पृष्ठभाग तापलेले असले, तर ते सरळ अंगावर उष्णता फेकतात, मधली हवा कितीही गार असली तरी. चुलीसमोर बसल्यावर थंडीच्या दिवसांतही तोंड भाजतं, ते असंच. त्या केबिनचं छत ही एक दोनशे चौरस फुटांची मंद चूल होती आणि ती सगळ्यांच्या डोक्यापासून हातभरावर होती. एसी हवा गार करत होता, छत माणसं तापवत होतं.

मी खुर्चीवर चढलो आणि छताच्या बोर्डावरून बोटं फिरवत गेलो. बोर्ड गरम होताच, पण सारखा गरम नव्हता. दर दोन फुटांवर एक आडवी पट्टी लागत होती, जिथे बोटं पटकन उचलावीशी वाटत. जवळच्या तापमापक गनने बघितलं, तर मधल्या भागात चाळिशीच्या थोडं वर आणि त्या पट्ट्यांवर जवळपास पन्नास. पट्ट्या कसल्या, ते शेवटी सांगायची गरज नाही, पुढच्याच काही ओळींत येईल. आधी वरचा सूर्य समजून घेऊ.

चंद्रपूरला मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. या केबिनचं छप्पर साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे त्यावर एका वेळी जवळजवळ साडेअठरा हजार वॉट. घरातला पाणी तापवायचा गीझर दोन हजार वॉटचा असतो. असे नऊ गीझर छपरावर पेटवून ठेवल्यासारखं ते ऊन असतं. यातलं सगळं आत येत नाही. काही परावर्तित होतं, काही वारा घेऊन जातो. पण निळ्या, वर धूळ बसलेल्या पत्र्याने त्यातला सत्तर टक्के भाग शोषला, की पत्रा सत्तर अंशांच्या घरात जातो. त्यावर चपाती भाजणार नाही, पण तळहात टेकवता येत नाही.

धाब्याच्या जुन्या घराशी तुलना केली, की पत्र्याचं दुखणं कळतं. धाब्याची जाड माती दुपारभर ऊन पीत राहते आणि तिची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते. तोवर माणसं अंगणात खाटा टाकून झोपलेली असतात. पत्र्याला असा धीर नाही. एक मिलिमीटरच्या आसपासचा तो पत्रा सकाळी नऊला तापायला लागतो, ढग आला की दहा मिनिटांत उतरतो आणि जे काही वर घडतं ते तत्काळ खाली देतो. नुसत्या पत्र्याचं छप्पर असतं आणि आत २८ अंश ठेवायचे असते, तर फक्त छपरातून साडेतीन हजार वॉटच्या वर उष्णता आत आली असती. एक टनाचा एसी तेवढ्यावरच खर्ची पडतो. पन्नास मिलिमीटर चांगला फोम सलग बसवला, तर हाच आकडा साडेतीनशे वॉटच्या जवळ येतो. दहाव्या भागावर! म्हणून इन्सुलेशनला पर्याय नाही, हे खरंच. प्रश्न एवढाच, की ते खरोखर सलग आहे का.

इथे त्या गरम पट्ट्या आल्या. केबिनचा सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपांचा असतो. बाहेरचा पत्रा या पाइपांवर वेल्डिंगने किंवा स्क्रूने बसवतात आणि आतला बोर्ड त्याच पाइपांच्या दुसऱ्या अंगाला स्क्रूने आवळतात. मधल्या पोकळीत ग्लासवूल भरतात. लोखंड ग्लासवूलपेक्षा हजारपट अधिक उष्णता वाहून नेतं. त्यामुळे सत्तर अंशांचा पत्रा आणि तुमच्या डोक्यावरचा बोर्ड यांच्यामध्ये दर दोन फुटांवर लोखंडाचा पूल तयार होतो. पुलाची रुंदी दोन इंच असली तरी उष्णता तिकडेच धाव घेते, धरणाच्या भिंतीला भोक पडल्यावर पाणी घेतं तशी. लोखंडी सांगाड्यात भरलेल्या कापसाची खरी ताकद या पुलांमुळे बहुतेक वेळा निम्म्यावर येते. बिलावर पन्नास एमएम लिहिलेलं असतं, काम पंचवीसचं होतं आणि कुणी खोटं बोललेलं नसतं.

या केबिनमध्ये मात्र आणखी काहीतरी होतं, कारण पट्ट्यांच्या मधला भागही हवा त्यापेक्षा गरम होता. एका कोपऱ्यातला बोर्ड उघडला. ग्लासवूल पिवळं, फुगलेलं, कोरडं असायला हवं. इथे ते दबून बोटभर उरलेलं, तपकिरी डाग पडलेलं आणि खालच्या बाजूला घट्ट लगदा झाल्यासारखं होतं. वर बघितलं तर छपराच्या स्क्रूंच्या रबरी वॉशरना उन्हाने तडे गेले होते आणि दोन ठिकाणी गंजाचे ओघळ उतरले होते. पावसाळ्यात पाणी झिरपत होतं. झिरपलं नाही तरी पत्रा स्वतः पाणी तयार करतो. स्वच्छ आकाशाच्या रात्री पातळ पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि दमट हवा लागली, की त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं. ‘पत्रा घामेजतो’ म्हणतात ते हेच. ते थेंब कापसात मुरतात. ग्लासवूल उष्णता अडवतं ते स्वतःच्या जोरावर नाही, त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेच्या जोरावर. हवेच्या जागी पाणी आलं, तंतू चिकटून बसले, की तो नुसता ओला कापूस.

भिंतींचीही तीच गत होती, पण वेगळ्या कारणाने. केबिन ट्रेलरवर लादून कच्च्या रस्त्याने आली होती. धक्क्यांनी भिंतीतलं ग्लासवूल खाली सरकून बसलं होतं. हे ओळखायला बोर्ड उघडावा लागत नाही. दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर आतून वरपासून खालपर्यंत हात फिरवायचा. वरचा फूट-दीड फूट खालच्यापेक्षा जास्त गरम लागला, तर वर पोकळी आहे. बुक्की मारून बघितली, तरी वर पोकळ आणि खाली बद्द आवाज येतो.

तापमापक गन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच करतो, कारण या गनने मी स्वतः फसलो आहे. चकचकीत पत्र्यावर किंवा फॉइलवर ती चुकीचा, बराच कमी आकडा दाखवते. तिथे काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि टेपवर नेम धरायचा.

तर मग करायचं काय? मालकाचा पहिला विचार दुसरा एसी लावायचा होता. साइटवर वीज जनरेटरची. लहान जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण तीन युनिट देतो आणि दीड टनाचा एसी भर उन्हात तासाला दीड युनिटच्या वर खातो. म्हणजे एका एसीमागे तासाला अर्धा लिटर, दहा तासांच्या दिवसाला पाच लिटर. शिवाय एसीची क्षमता जी लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश असताना मोजलेली. ४५ अंशांत तो तेवढं काम करूच शकत नाही. मी सांगितलं, आधी चार दिवस आणि एक हायड्रा द्या.

हायड्रा म्हणजे साइटवर सामान उचलायला असते ती क्रेन. ती मला केबिन फिरवायला हवी होती. केबिनची वीस फुटांची बाजू पश्चिमेकडे होती आणि त्याच बाजूला तीन बाय तीन फुटांच्या दोन सरकत्या काचेच्या खिडक्या. कारण काय, तर केबिन उतरवली तेव्हा दार रस्त्याकडे यावं एवढंच बघितलं होतं. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॉटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच त्यातलं बहुतेक सरळ आत सोडते. म्हणजे अशी एक खिडकी चारशे वॉट आत घेते. मघाचा आकडा आठवा. चांगल्या फोमचं अख्खं छप्पर जेवढी उष्णता आत सोडतं, त्याहून जास्त तीन फुटांची एक काच सोडते! आणि आतून पडदा लावून भागत नाही, कारण तोवर ऊन घरात आलेलं असतं. पडदा तापतो आणि तो तुम्हाला तापवतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायचं.

केबिन फिरवली, लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची केली. आता पूर्व-पश्चिमेला दहा फुटांच्या बिनखिडकीच्या भिंती आल्या. ऊन झेलणारी भिंत निम्मी झाली आणि खिडक्या दक्षिणेला गेल्या, जिथे मे महिन्यात आपल्याकडे थेट ऊन जवळजवळ लागत नाही. या सगळ्याला केबिन रिकामी करणं, वायर सोडणं आणि हायड्राचा दीड तास लागला. केबिन पहिल्यांदा उतरवताना हे केलं असतं तर फुकट झालं असतं. केबिन मागवणाऱ्या प्रत्येकाला मी आता हात जोडून सांगतो, की ट्रेलर यायच्या आधी जमिनीवर चुन्याने चौकोन आखून ठेवा.

दुसऱ्या दिवशी छपराला हात घातला. वॉशर आणि स्क्रू बदलले, सांधे भरले, गंज तारेच्या ब्रशने खरवडला, धुतलं, प्राइमर दिला आणि ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. निव्वळ पांढऱ्या रंगाने सत्तर अंशांचा पत्रा पन्नाशीच्या आसपास येतो. लोकांना वाटतं की नवा चकचकीत जस्ती पत्रा यापेक्षा बरा, तो तर आरशासारखा चमकतो. तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, हे खरं, पण जी उष्णता शोषतो ती आकाशाकडे सोडायला फार कंजूष असतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता सोडूनही देतो. म्हणून पांढऱ्या छपरासमोर चकचकीत छप्पर हरतं. पांढऱ्या रंगाचा शत्रू धूळ आहे. रस्त्याच्या कामावर महिनाभरात तो राखाडी होतो, तेव्हा टँकर आला की छपरावर पाण्याचा पाइप मारायचा, एवढी शिस्त ठेवावी लागते. चुन्याचा सफेदा स्वस्त पडतो आणि उन्हाळा काढून देतो, पण पहिल्या वळवाच्या सरीत वाहून जातो.

रंगानंतर सावली. माझा या कामातला सगळ्यात पक्का विश्वास यावर आहे, की पत्रा तापल्यावर त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याला तापूच देऊ नये. केबिनच्या छपरावर एक फूट मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर उभारलं, चौदा बाय चोवीस फुटांचं, म्हणजे चारही बाजूंनी दोन फूट बाहेर आलेलं. वरचं छप्पर ऊन घेतं, मधल्या फुटातून वारा खेळतो आणि गरम हवा निघून जाते. दोन्ही टोकं उघडी हवीत. दिसायला नीट दिसावं म्हणून कुणी बाजूने पत्रा लावून मधली जागा बंद केली, की सगळा फायदा गेला. वरचा पत्राही पांढराच घेतला, कारण तो स्वतः तापला तर खालच्या छपरावर उष्णता फेकत राहतो. पैसे नसतील तर हिरव्या शेडनेटनेही बरंच भागतं.

याची भीती वाऱ्याची. विदर्भात मे अखेरीस दुपारनंतर वादळ उठतं आणि असं मोकळं छप्पर पतंगासारखं उचललं जातं. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या छपरावर दीड टनाच्या आसपास उचल येऊ शकते. म्हणून त्याचे खांब केबिनच्या वरच्या पत्र्याला नाही, तळाच्या लोखंडी चॅनेलला बोल्टने बांधले, म्हणजे अख्ख्या केबिनचं वजन त्याला धरून राहतं. पत्रा जे-हुकने आवळला.

मग आतलं काम. जुनं ओलं ग्लासवूल काढून टाकलं. पाइपांच्या खालच्या अंगाला, पूर्ण लांबीवर, बारा मिलिमीटर प्लायच्या पट्ट्या मारल्या आणि बोर्डाचे स्क्रू फक्त या पट्ट्यांत घेतले. बोर्ड आणि लोखंड यांची गाठ तुटली. पाइपांच्या मधल्या पोकळीत रॉकवूलच्या पन्नास मिलिमीटर स्लॅब बसवल्या. त्या दाट आणि ताठ असतात, कापसासारख्या बसत नाहीत. भिंतीच्या वरच्या रिकाम्या भागातही त्याच भरल्या आणि खाली आधाराला पट्टी दिली.

मालकाने मध्येच बबल फॉइलचा रोल आणून दाखवला. ती चार मिलिमीटरची चंदेरी चादर, ‘इन्सुलेशन’ म्हणून विकली जाते. तिच्यात खोट नाही, पण ती चमकेवर चालते आणि चमकेला समोर मोकळी हवा लागते, निदान इंचभर. पत्रा आणि बोर्ड यांच्यात दाबून बसवली, तर ती चार मिलिमीटर प्लास्टिकएवढीच राहते. आणि चमक खाली तोंड करून ठेवायची, वर ठेवली तर तिच्यावर धूळ साठते आणि चमक मरते. आम्ही ती सावलीच्या छपराच्या पोटाला लावली, जिथे तिच्याखाली फूटभर हवा होती.

रॉकवूलच का, फोम का नाही, हे मला नेहमी विचारतात. फोम, म्हणजे आपण ज्याला पफ म्हणतो तो पॉलियुरेथेन, जाडीला जाडी लावली तर यात सगळ्यांच्या पुढे आहे आणि नवी केबिन घेताना पफच्या तयार पॅनेलची घ्यावी, असंच मी म्हणतो. त्यात दोन पत्र्यांमध्ये फोमच चिकटलेला असतो, मध्ये पाइप जात नाही, म्हणून पूलच नाही. तो ओला होऊन बसतही नाही. पण तो जळतो आणि जळताना जीवघेणा विषारी धूर सोडतो. थर्माकोल तर वितळून पेटते थेंब टाकतो. साइटवर केबिनला छज्जा जोडायला, ग्रिल लावायला वेल्डिंग मशीन कुणीही लावतं आणि पत्र्याच्या मागे काय आहे ते त्याला दिसत नसतं. पॅनेलच्या केबिनला वेल्डिंग करू देऊ नका, बोल्ट मारा. उघडा फोम आत कुठेही दिसता कामा नये. आणि ज्या केबिनमध्ये माणसं रात्री झोपणार, तिथे मी रॉकवूलच घालतो, कारण ते दगडापासून बनतं आणि पेटत नाही. या केबिनमध्ये दोन पोरं रात्री झोपत होती.

पफच्या नावाखाली थर्माकोल किंवा हलका फोम येतो, ही तक्रार रोजची आहे. मी स्वतः एका पुरवठादाराकडून पॅनेल घेतले होते आणि विश्वासाने बसवलेही. दुसऱ्या उन्हाळ्यात ते हाताने दाबले जायला लागले. तेव्हापासून तपासल्याशिवाय घेत नाही. एसीच्या पाइपासाठी किंवा खिडकीसाठी पॅनेल कापतात, तो कापलेला तुकडा मागून घ्यायचा. थर्माकोलचे पांढरे गोल मणी डोळ्यांना दिसतात, पफ पिवळसर आणि बारीक पोताचा असतो. मग पत्रे सोलून फोमचा एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन कापून घरच्या काट्यावर ठेवायचा. पन्नास मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला चाळीस किलो घनतेचा खरा पफ असेल, तर तो तुकडा १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सव्वाशे भरला तर तुम्हाला दोन तृतीयांश माल मिळाला आहे. थर्माकोल सत्तर-ऐंशी ग्रॅममध्ये संपतो.

दमट हवेच्या जागी या सगळ्यात एक गोष्ट बदलते. रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर एसीची केबिन बंद ठेवली, की बाहेरची ओली हवा प्रत्येक फटीतून भिंतीत शिरते आणि आतल्या थंड बोर्डाच्या मागे पाणी सोडते. तिथे वाफ अडवणारा थर इन्सुलेशनच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा आणि प्रत्येक सांधा, प्रत्येक वायरचं भोक सिलिकॉनने बंद हवं. बोर्डाला फुगा आला, कुबट वास यायला लागला, भिंतीच्या तळाशी स्क्रूभोवती गंजाचं वर्तुळ दिसलं, की समजावं भिंतीत पाणी आहे. वरून रंग मारून ते जात नाही.

चार दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं. सहाव्या दिवशी, नवतपा सुरू झालेला असताना, पुन्हा अडीच वाजता मी त्याच खुर्चीवर चढलो. बोर्डावर पट्ट्या बोटांना सापडत नव्हत्या. गनने शोधल्या तर सापडल्या, एखाद-दोन अंशांच्या फरकाने, कारण पूल तोडला तरी लोखंड तिथे आहेच. एसी २५ वर होता आणि मी आत बसलो तेवढ्या वेळात कॉम्प्रेसर दोनदा बंद झाला. साध्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीत हीच खरी परीक्षा असते. तो दमून नाही, काम झालं म्हणून थांबला पाहिजे. दुसरा एसी आलाच नाही. माझ्या मनात तर पहिल्याच्या जागीही कूलर होता. कोरड्या उन्हाळ्यात, छप्पर डोकं तापवत नसेल, तर चांगला कूलर तिशीच्या आतली हवा देतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आत दमट होतं. पण कागद आणि संगणक यांना ती ओल नको होती.

निघताना गेटवरच्या वॉचमनकाकांची केबिन बघितली. चार बाय चार फुटांची, चारही बाजूंनी पत्रा, एक काच आणि आत एक टेबल-पंखा. मालक आता उत्साहात होता. म्हणाला, “काकांच्या केबिनलाही रॉकवूल भरून देऊ जी.” मी नको म्हटलं. इन्सुलेशन थंडावा निर्माण करत नाही, ते फक्त दोन बाजूंमधलं जाणं-येणं मंद करतं. जिथे एसी नाही, तिथे आत बाहेरपेक्षा गार असं काही नाहीच, ज्याची राखण करायची. उलट माणसाच्या अंगाची शंभर वॉट उष्णता त्या डब्यात कोंडून राहते. अशा केबिनला दोनच गोष्टी उपयोगी पडतात. ऊन तिच्यापर्यंत येऊ न देणं आणि गरम हवा वरून निघून जाणं.

हायड्रा अजून तिथेच होती. गेटपासून पंधरा पावलांवर एक कडुनिंब होता, दुपारची सावली पडायची तो अंदाज काकांनीच सांगितला, कारण जेवायला ते तिथेच बसायचे. केबिन उचलून तिथे ठेवली. छपराखाली समोरासमोरच्या दोन भिंतींत, पावसाचं पाणी येणार नाही अशा बेताने, वीतभर उंचीच्या जाळ्या कापून बसवल्या आणि छपरावर उरलेल्या शेडनेटचा तुकडा पाइपांवर ताणून बांधला. काकांनी आत जाऊन हात वर केला, छताला टेकवला आणि तसाच ठेवला.